उतरतानाचा रिषभ

रविवारची दुपार, तीनचा सुमार. क्लासच्या खोलीत तानपुरा लागलेला, खिडकीतून उन्हाची तिरीप सतरंजीवर आलेली. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी भीमपलास शिकत होती. परीक्षा तोंडावर होती, म्हणून बाईंनी आधी माहिती विचारली. "आरोह-अवरोह सांग बरं." मुलीने पाढा म्हणावा तसं सांगून टाकलं: "ऩि सा ग म प नि सां. सां नि ध प म ग रे सा. गंधार-निषाद कोमल. आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य. जाती औडव-संपूर्ण, वादी मध्यम, संवादी षड्ज." एक अक्षर चुकलं नाही. बाई म्हणाल्या, "छान. आता चार आलाप घे." मुलीने डोळे मिटले, मंद्र निषादावरून षड्जावर आली, ‘ग रे सा’ घेतलं, पुन्हा गंधार लावला आणि पुढे गायली: ‘ग रे ग म’. बाईंचा पेटीवरचा हात थांबला. "काय घेतलंस?" "ग रे ग म." "आरोह काय सांगितलास मगाशी?" मुलीने परत सांगितला, परत बिनचूक. "मग रिषभावरून गंधारावर कशी गेलीस, बाळ?" मुलगी गोंधळली. क्षणभर विचार करून म्हणाली, "पण बाई, मी आरोह कुठे म्हणत होते? मी तर आलाप घेत होते."

या उत्तरावर हसू येण्यासारखं काही नाही. उलट ते फार खरं उत्तर आहे. तिच्या लेखी आरोह ही रागाच्या सुरुवातीला एकदा म्हणून टाकायची ओळ होती. प्रार्थना झाली की शाळा सुरू होते, तसा आरोह-अवरोह झाला की राग सुरू होतो. एकदा म्हटला की त्याचं काम संपलं. तिलाच काय, गाणं आवडीने ऐकणाऱ्या कितीतरी जाणत्या माणसांनाही आरोह म्हणजे खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंतची शिडी आणि अवरोह म्हणजे त्याच शिडीवरून परत खाली येणं, असंच वाटतं. शिक्षकाच्या तोंडी या दोन शब्दांचा अर्थ वेगळा असतो. ‘आरोहात रिषभ वर्ज्य’ हे वाक्य तो बोलतो तेव्हा तो शिडीबद्दल बोलत नसतो. तो दिशेबद्दल बोलत असतो.

म्हणजे काय, ते या चार स्वरांवरच पाहू. ‘ग रे ग म’ यात पहिला टप्पा गंधारावरून रिषभावर, म्हणजे खाली. तो अवरोह झाला. अवरोहात रिषभ आहे, तेव्हा इथवर सगळं ठीक. दुसरा टप्पा रिषभावरून गंधारावर, म्हणजे वर. तो आरोह झाला. मग तो अर्ध्या सेकंदाचा असो, आलापाच्या मधोमध असो की द्रुत तानेच्या पोटात असो. दोन स्वरांमध्ये गळा वर गेला की आरोह आणि खाली आला की अवरोह. आलापात असे चढ-उतार शेकड्याने होतात आणि त्या प्रत्येकाला ती ओळ लागू असते. भीमपलासात चढताना रिषभाचा उपयोग करायचा नाही, याचा अर्थ रिषभावरून वर जायचंच नाही. रिषभावर आलात की पुढे एकच वाट: षड्ज. षड्जावर या, हवं तर मंद्र निषादाला स्पर्श करा आणि तिथून पुन्हा गंधार किंवा थेट मध्यम गाठा. ‘म ग रे सा ग म’ हा भीमपलास. ‘म ग रे ग म’ यात षड्ज फक्त गाळला गेला आहे, पण राग हातचा गेला.

धैवताचंही तेच. ‘नि ध प’ घ्या, खुशाल घ्या. पण ‘नि ध नि’ नाही. धैवतावर आलं की पंचमाकडे उतरायचं, मग पुन्हा चढायचं. रागात एकूण सात स्वर आहेत, पण त्यातल्या पाचांवरून कुठेही वळता येतं आणि दोघांवरून येत नाही. षड्ज, गंधार, मध्यम, पंचम, निषाद या मुक्कामाच्या जागा आहेत. उतरताना तिथे थांबून परत वर तोंड करता येतं. रिषभ आणि धैवत या घाटातल्या अशा जागा आहेत की तिथे गाडी वळवायला जागाच नाही. ही एक गोष्ट मुलीला कोणी सांगितली असती तर जाती, वर्ज्य, औडव हे सगळे शब्द तिला नंतर कळले असते तरी चाललं असतं.

वळायचं कुठे, हाच प्रश्न.

जुन्या ग्रंथांत हे फार नेमकेपणाने मांडलेलं आहे. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात गाण्याच्या क्रियेला ‘वर्ण’ म्हटलं आहे आणि त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी. एकाच स्वरावर राहणं हा स्थायी, चढत जाणं आरोही, उतरत येणं अवरोही आणि या तिन्हींची सरमिसळ म्हणजे संचारी. तिथे आरोह ही रागाची ओळख पटवणारी ओळ नाही, ती गळ्याची एक हालचाल आहे. मला ही मांडणी शिकवण्याच्या दृष्टीने आजही सगळ्यात उपयोगी वाटते. कारण ती ऐकल्यावर ‘मी आरोह म्हणत नव्हते, आलाप घेत होते’ असं म्हणायला जागाच उरत नाही. आलाप तरी दुसऱ्या कशाचा बनलेला असतो? थांबणं, चढणं, उतरणं, यापलीकडे गळ्याला चौथी हालचाल नाही.

परीक्षेत आपण लिहितो ती दोन ओळींची पद्धत घरोघर पोहोचली ती मुख्यतः विष्णु नारायण भातखंडे यांच्या कामामुळे. त्यांनी आपलं संगीतपद्धतीवरचं मोठं लेखन मराठीत केलं आणि तेही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य विचारतो, गुरू उलगडून सांगतो. रागाचा थाट, जाती, आरोह, अवरोह, वादी, संवादी, पकड, समय ही चौकट त्यातून रुळली. चौकट अतिशय कामाची आहे. शेकडो राग नजरेखालून घालायचे तर असा साचा हवाच. फक्त संवादातली उलगड मागे पडली आणि साचा वहीत उरला, की मग मुलं ओळ लिहितात बरोबर आणि गातात चूक.

शब्दाचाही थोडा हात आहे या गोंधळात. ‘रुह्’ म्हणजे चढणं, वाढणं. त्यावरून आरोह, आरोहण. मराठीत गिर्यारोहणही त्यातलंच. त्यामुळे डोळ्यांसमोर डोंगर येतो: एकदा चढायचा, एकदा उतरायचा. शिवाय रोजच्या बोलण्यात आपण नटाच्या किंवा वक्त्याच्या आवाजातल्या ‘आरोह-अवरोहां’चं कौतुक करतो, तिथे जोर आणि हळुवारपणा यांचाही अर्थ मिसळलेला असतो. मग लहान मुलं चढताना आवाज मोठा करतात आणि उतरताना बारीक. तार षड्जावर जवळजवळ ओरडतात आणि मध्य षड्जावर येईतो श्वास संपतो. उंची वेगळी आणि जोर वेगळा, हे त्यांना हात धरून दाखवावं लागतं. एक उपाय सोपा आहे: आरोह हळू आवाजात म्हणायला लावायचा आणि अवरोह भरून. चार दिवसांत गाठ सुटते.

आणि ‘वर’ हा शब्द तरी किती सापेक्ष. पेटीवर ‘वर जाणं’ म्हणजे हात उजवीकडे नेणं. सतारीवर वरचे स्वर काढायचे तर हात दांडीवरून खाली, भोपळ्याच्या दिशेने सरकतो. म्हणजे आरोहात हात उतरतो आणि अवरोहात चढतो. बासरीवर एकेक भोक उघडत गेलं की स्वर चढतो. गळ्यात तर दिसण्यासारखं काहीच नाही. सामगायनातला स्वरांचा क्रम मुळात उतरता होता, वरून सुरू होऊन खाली येणारा. म्हणजे आधी चढायचं आणि मग उतरायचं हा क्रमसुद्धा सवयीचा भाग आहे. बऱ्याच रागांचं सगळं रूप अवरोहातच उघडतं. भीमपलासही त्यातलाच. सातही स्वर तिथेच भेटतात. ‘म ग रे सा’ या उतरत्या चार स्वरांत दुपारची जी सुस्त, किंचित व्याकूळ कळा आहे ती चढतानाच्या कुठल्याच तुकड्यात नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. चढताना भीमपलास मोकळा, जवळजवळ निश्चिंत असतो. स्वरांमध्ये मोठी अंतरं असतात, गळा उड्या मारत जातो. उतरताना रिषभ आणि धैवत मधल्या जागा भरतात आणि पाऊल जड होतं. चढणीचा आणि उतरणीचा स्वभावच वेगळा.

चढण आणि उतरण वेगवेगळी असू शकते, या एका सवलतीने केवढी जागा तयार होते हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. एक थाट घ्या, सात स्वर. षड्ज सोडता येत नाही. सातही ठेवले तर संपूर्ण: एक प्रकार. उरलेल्या सहांपैकी एक गाळला तर षाडव: सहा प्रकार. दोन गाळले तर औडव: पंधरा प्रकार. बेरीज 22. जायची आणि यायची वाट एकच असती तर एका थाटातून 22 चालींपलीकडे काही निघालं नसतं. पण 22 पैकी कुठलाही आरोह 22 पैकी कुठल्याही अवरोहाशी जोडता येतो, म्हणून 22 गुणिले 22, म्हणजे 484. विद्यार्थी हा 484 चा आकडा तोंडपाठ करतात, पण तो कुठून येतो ते क्वचित सांगतात. यातले प्रत्यक्षात गाण्याजोगे फारच थोडे. मध्यम आणि पंचम दोन्ही एकदम गाळता येत नाहीत, ही एक अट लावली तरी बरेच गळतात. गणित राग देत नाही. पण आरोह आणि अवरोह या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ते चांगलं पटवून देतं.

आता रियाजाकडे वळतो, कारण चूक घडते ती तिथे. सुरुवातीला प्रत्येकाने ‘सारेग रेगम गमप’ हा पलटा हजारदा घोटलेला असतो. गळ्याला ती वाट इतकी पाठ असते की भीमपलासात आलं तरी रिषभ दिसला की पाय आपोआप गंधाराकडे वळतात. भीमपलासचा पलटा वेगळा बांधावा लागतो. तीन-तीन स्वरांचा घेतला तर चढताना: ऩिसाग, सागम, गमप, मपनि, पनिसां. उतरताना: सांनिध, निधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. मोजून पाहा. चढताना पाच गट, उतरताना सहा. हा विषमपणा मुलांना खुपतो. समोर वही असली की ती दोन्ही ओळी सारख्या करायला जातात आणि आरोहात गुपचूप एक ‘रे’ घालतात, किंवा अवरोहातला एखादा गट गाळतात. गट विषमच राहायला हवेत. त्या विषमपणातच राग आहे. ठेका लावून म्हणायचं असेल तर प्रत्येक गटाला तीन मात्रा धरून दादरा लावावा आणि दोन ओळी कमी-जास्त लांबीच्या झाल्या तर होऊ द्याव्यात.

यापुढचा अभ्यास जास्त महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी ठिकाणी करून घेतला जातो. तो म्हणजे उलट फिरण्याचा. तार षड्जावरून सुरू करायचं, थोडं उतरायचं, वळायचं, परत सां गाठायचा. दर वेळी एक स्वर अधिक खाली. ‘सां नि सां’: निषादावर वळलो, चालेल. मग धैवत येतो. ‘सां नि ध’ म्हटलं आणि इथे वळायला जागा नाही. म्हणून पंचमापर्यंत जायचं: ‘सां नि ध प, नि सां’. मग मध्यमावर वळायचं: ‘सां नि ध प म, प नि सां’. मग गंधारावर: ‘सां नि ध प म ग, म प नि सां’. मग रिषभ, तिथेही थांबा नाही. षड्जावर जाऊनच: ‘सां नि ध प म ग रे सा, ग म प नि सां’. हा अभ्यास दहा मिनिटं केला की गळ्याला कळतं की धैवत आणि रिषभ यांच्यावरून पाय घसरतो. नंतर आलाप घेताना नियम आठवावा लागत नाही. रिषभ लागला की षड्ज आपोआप येतो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. वर्ज्य म्हणजे घ्यायचा नाही. पण जो वर्ज्य नाही तो प्रत्येक वेळी घ्यायलाच हवा, असं आरोह म्हणत नाही. भीमपलासची पकड, म्हणजे राग चटकन ओळखू येतो तो छोटा स्वरसमूह, पाहा: ‘ऩि सा म, म ग, प म ग, म ग रे सा’. पहिल्याच तुकड्यात षड्जावरून थेट मध्यमावर झेप आहे, गंधार ओलांडून. ही झेप म्हणजे तर भीमपलासचा प्राण. मध्यम वादी, म्हणजे रागातला प्रमुख स्वर, आहे तो काही उगाच नाही. तेव्हा आरोहातले पाच स्वर म्हणजे पाच पायऱ्या, एकही चुकवायची नाही, असा अर्थ घेऊ नये. कुठे पाय ठेवता येतो ते आरोह सांगतो. कुठे ठेवायचा ते गाणारा ठरवतो आणि ठरवताना पकड आणि वादी यांच्याकडे पाहतो.

आणि कधी लिहिलेलं पाहून फसायला होतं. नोटेशनमध्ये ‘सा रेसा’ दिसतं आणि विद्यार्थी विचारतो, मग हा रिषभ षड्जावरून चढून आला की नाही? ऐकलं तर कळतं की त्या रिषभाला वरून गंधाराचा कण लागलेला असतो. गळा क्षणभर गंधाराला शिवून रिषभावर उतरतो. लिहिताना कण सुटतो, गाताना सुटू नये. असाच कण गंधारालाही लागतो, मध्यमाचा. आणि उतरत्या निषादाला षड्जाचा. भीमपलास पेटीवर नुसत्या पट्ट्या दाबून वाजवला तर आरोह-अवरोह अचूक असूनही कोरडा का वाटतो, त्याचं कारण हेच. कण ही अवरोहाचीच एक सूक्ष्म खूण आहे: स्वर वरून आला आहे, याची.

चुकलं तर कुठे जातो, हेही माहीत असावं, कारण प्रत्येक चुकीच्या वाटेवर एक वेगळं गाव आहे. ‘सा रे ग म’ असे सरळ चढलात की काफीचा वास येतो. थाट तोच, स्वर तेच. धैवत घेऊन चढलात, ‘ग म ध नि सां’, की थेट बागेश्री. तिथे चढताना पंचम बाजूला राहतो आणि धैवतावर आपलं मनसोक्त थांबणं असतं. भीमपलासात मध्यमावरून पंचमाऐवजी धैवतावर एकदा जरी पाय पडला तरी जाणत्या श्रोत्याची मान उचलली जाते. तिसरी चूक सगळ्यात फसवी: तानेत वर जाताना कोमल निषाद चढतो. ‘प नि सां’ म्हणताना तार षड्ज निषादाला आपल्याकडे ओढून घेतो आणि वेग वाढला की निषाद शुद्धाच्या जवळ पोहोचतो. मग तो पटदीप होऊ लागतो. ही चूक गाणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण वेगात ते गोडच लागतं. ओळखायची खूण अशी: पेटीवाला कोमल निषादच वाजवत असतो, तेव्हा दोन निषाद एकमेकांवर घासल्यासारखे ऐकू येतात. ती घरघर ऐकू आली की तान अर्ध्या लयीत आणायची आणि ‘प नि’ वर थांबून, षड्जाकडे न जाता, निषाद तपासायचा.

एक तान हातात घेऊन पाहू. त्रितालात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, दुगुणीत घ्यायची: ऩिसा गम पनि सांगं रेंसां निध पम गरे, आणि समेवर सा. आठ मात्रांत सोळा स्वर. पहिले आठ स्वर चढतात, मंद्र निषादापासून तार गंधारापर्यंत, आणि त्यांत ना रिषभ आहे ना धैवत. तेराव्या मात्रेपासून उतार लागतो: रें सां नि ध प म ग रे, एकही स्वर गाळलेला नाही, आणि सरळ समेवर षड्ज. इतकी साधी तान, पण भीमपलासचा सगळा कायदा तिच्यात आहे. आता हिच्यात एकच बदल करा. सहा मात्रांपर्यंत तसंच ठेवून शेवटच्या दोन मात्रांत ‘पम गरे’ ऐवजी ‘पध पम’ म्हणा. कागदावर धैवत हा भीमपलासचाच स्वर आहे. पण इथे तो पंचमावरून चढून आला. बाईंचा हात पेटीवर थांबतो तो नेमका इथे. तोच धैवत दोन स्वर आधी ‘निध’ मध्ये होता, तेव्हा कोणाला खटकला नव्हता. स्वर एकच. आलेला रस्ता वेगळा.

या ओळींच्या मर्यादाही आहेत आणि चांगला शिक्षक त्या लपवत नाही. काफी थाटातल्या धनाश्रीचा आरोह-अवरोह लिहायला गेलात तर अक्षर न् अक्षर भीमपलासचाच निघतो. फरक इतकाच की भीमपलास मध्यमावर नांदतो आणि धनाश्री पंचमावर. भूप आणि देशकार यांचंही तसंच: सा रे ग प ध, तेच पाच स्वर, चढतानाही आणि उतरतानाही. भूपात गंधार प्रमुख आणि गाणं खालच्या अर्ध्यात रमतं. देशकारात धैवत प्रमुख आणि गाणं वरच्या अंगाला जातं. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. म्हणून जाणते शिक्षक आरोह-अवरोह नुसता बोलत नाहीत, गाऊन दाखवतात. ‘ऩि सा, ग म, प, नि सां’ यातले स्वल्पविराम तोंडाने म्हणता येत नाहीत, पण गाताना ते थांबे असतात. कुठे श्वास घेतला, कुठे रेंगाळले, कुठला स्वर झटकून पुढे गेले, हे त्या ओळीत भरलेलं असतं. विद्यार्थी फक्त अक्षरं उतरवून घेतो आणि थांबे वहीबाहेर राहतात.

उलट काही राग एका स्वराच्या दिशेवर उभे आहेत. आसावरी आणि जौनपुरी घ्या. उतरताना दोघांचा रस्ता एकच. चढताना गंधार दोघांतही नाही. आसावरीत मात्र निषादही नाही: ‘सा रे म प ध सां’. जौनपुरीत तो आहे: ‘सा रे म प ध नि सां’. धैवतावरून षड्जाकडे जाताना मधला कोमल निषाद घेतला की नाही, एवढ्यावर रागाचं नाव बदलतं. देसमध्ये तर एकाच स्वराची दोन रूपं दिशेप्रमाणे वाटून दिली आहेत: चढताना ‘म प नि सां’ शुद्ध निषाद, उतरताना ‘सां नि ध प’ कोमल.

मग गौडसारंगासारखे वक्र राग येतात आणि वर जे सांगितलं ते पुन्हा तपासावं लागतं. त्याचा आरोह असा: ‘सा, ग रे म ग, प म ध प, नि ध सां’, ‘प म ध प’ मधला मध्यम तीव्र. आरोह म्हणावं तर यात दर दोन पावलांमागे एक पाऊल खाली आहे. इथे ‘ग रे’ हे अवरोही पाऊल आरोहाच्या ओळीत बसलं आहे. म्हणजे इथे नियम दोन स्वरांचा राहत नाही, तो तुकड्याचा होतो: ‘ग रे म ग’ हा एक अखंड तुकडा, तसाच घ्यायचा, मधून तोडायचा नाही. एकूण वाटचाल वर, म्हणून आरोह. जिन्यापेक्षा ही वळणावळणाची पायवाट. तरीही मूळ गोष्ट सुटत नाही. रिषभ मिळतो तो गंधारावरून खाली येऊनच आणि तिथून झेप मध्यमावर. कुठून आलात आणि कुठे जाणार, हे दोन प्रश्न सरळ रागाला विचारायचे तेच वक्र रागालाही, फक्त पल्ला थोडा मोठा ठेवायचा.

हे सगळं त्या दुपारी बाईंनी मुलीला सांगितलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला सांगायचंही नसतं. त्यांनी पेटी मिटली, तानपुरा मात्र चालू ठेवला. म्हणाल्या, "तू फक्त रिषभ लाव. गंधारावरून ये आणि रिषभावर थांब." मुलीने ‘ग रे’ म्हटलं आणि थांबली. तानपुऱ्यात षड्ज वाजत होता. "आता कुठे जावंसं वाटतंय ते न म्हणता नुसतं ऐक." मुलगी रिषभ धरून राहिली. तीन सेकंद, चार सेकंद. लांबत चाललेला तो स्वर हलायला लागला, त्याला तिथे बसवेना. मग काही न ठरवता तो खाली सरकला आणि तानपुऱ्यातल्या षड्जात मिसळून गेला. खोलीत आता एकच स्वर होता.

"आता गंधार हवा असेल तर?" बाईंनी विचारलं.

मुलीने श्वास घेतला आणि मंद्र निषादावर गेली. ‘ऩि सा ग... म.’